कर्ज फिटले, अकरावा कागद कुठे आहे? : बँकेच्या शाखाधिकाऱ्यांना खुले पत्र

दिनांक : 18 ऑगस्ट 2025

प्रति,
मा. शाखाधिकारी, देवगड तालुक्यातील आमची शाखा,
आणि मा. विभागीय व्यवस्थापक यांस,

विषय : गृहकर्ज पूर्ण फेडल्यानंतर बेबाकी दाखला देणे, तारण ठेवलेली मूळ कागदपत्रे परत करणे आणि सातबारावरील बोजा उतरवणे याबाबत.

महोदय,

हे पत्र मी आपल्याला खासगीत तीन वेळा पाठवले आहे. पहिल्या दोन अर्जांच्या प्रतींवर शाखेचा आवक शिक्का आहे आणि तिसऱ्याची टपालाची पोच माझ्याजवळ आहे. उत्तर मात्र एकालाही आलेले नाही. म्हणून आता ते उघडपणे लिहीत आहे. बँकेचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही, कारण मला बदनामी करायची नाही, कागद परत हवे आहेत. शिवाय या किनाऱ्यावर घरासाठी कर्ज काढून ते प्रामाणिकपणे फेडलेले आणि नंतर माझ्यासारखेच शाखेच्या बाकावर बसलेले अनेक जण आहेत. त्यांनाही या पत्रातला तपशील उपयोगी पडेल.

सन 2014 मध्ये मी, माझी आई आणि धाकटा भाऊ अशा तिघांच्या नावे आपल्याकडून 11 लाख रुपयांचे गृहकर्ज घेतले. जमीन आजोबांपासून चालत आलेली आहे आणि वडिलांच्या पश्चात वारस नोंदीने ती आम्हा तिघांच्या नावावर लागली आहे. आमचे जुने मातीचे घर उतरवून त्या जागी चिऱ्याचे घर बांधले, ते याच कर्जातून. त्या वेळी नोंदणीकृत गहाणखत झाले नव्हते. मालकीचे मूळ कागद बँकेकडे ठेवायचे आणि तेवढ्यानेच गहाण पुरे होते, अशी ही पद्धत आहे. आपल्या भाषेत इक्विटेबल मॉर्गेज. म्हणजे या व्यवहारात कागद हेच तारण होते, आणि म्हणूनच कर्ज फिटल्यावर ते परत मिळाल्याखेरीज व्यवहार पुरा झाला असे मला म्हणता येत नाही.

यंदा 9 जून रोजी, आपल्याच शाखेने दिलेल्या कर्जबंदीच्या हिशेबपत्रकाप्रमाणे 3 लाख 41 हजार 280 रुपये आरटीजीएसने भरून मी खाते बंद केले. त्या पत्रकावर त्या दिवसापर्यंतचे व्याज धरलेले होते आणि रक्कम त्याच दिवशी दुपारी जमा झाल्याची नोंद माझ्या पासबुकात आहे. असे असूनही 17 जूनला दाखला मागायला आलो तेव्हा खात्यावर 236 रुपये येणे दिसते, असे मला सांगण्यात आले. तो खातेउतारा काढण्याचा आकार होता, करासहित, आणि तो 10 जूनला, म्हणजे कर्ज फिटल्याच्या दुसऱ्या दिवशी खात्यावर पडला होता. मी वाद न घालता तिथल्या तिथे रोख भरून पावती घेतली. या 236 रुपयांचा उल्लेख करण्याचे कारण एवढेच की, कर्ज बंद करणाऱ्याने पैसे भरल्यावर आठवड्याभराने पुन्हा एकदा खात्याची शिल्लक शून्य आहे ना हे पाहून घेतले नाही, तर अशी एखादी क्षुल्लक रक्कम खाते उघडे ठेवते आणि दाखला का निघत नाही हे कोणालाच सांगता येत नाही.

त्यानंतर जुलैच्या पहिल्या आठवड्यात मला जो बेबाकी दाखला मिळाला, तो संगणकातून निघालेला एका परिच्छेदाचा कागद आहे. त्यावर कर्ज खात्याचा क्रमांक आणि 'खाते बंद' एवढेच आहे. सही नाही, शिक्का नाही, सहकर्जदार म्हणून आईचे आणि भावाचे नाव नाही, आणि मिळकतीचा तर उल्लेखच नाही. तो घेऊन मी सजाच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, म्हणजे आमच्या तोंडात अजून बसलेल्या तलाठी कार्यालयात गेलो. त्यांनी सातबारा समोर ठेवून इतर हक्काच्या रकान्यावर बोट ठेवले. तिथे बँकेच्या नावाने 11 लाखांचा बोजा आजही आहे. त्यांचे म्हणणे सरळ होते : बोजा कमी करायचा तर बँकेच्या पत्रात गावाचे नाव, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर आणि ज्या फेरफाराने बोजा चढला त्याचा क्रमांक पाहिजे, कर्जाची पूर्ण फेड झाली असून बोजा उतरवण्यास हरकत नाही असे वाक्य पाहिजे, आणि खाली अधिकाऱ्याची सही व शिक्का पाहिजे. आमच्याकडे एकेका सर्व्हे नंबरात दहा-पंधरा हिस्से असतात. हिस्सा नंबर नसलेल्या पत्रावरून त्यांनी कोणाच्या सातबारावरचा बोजा उतरवायचा? हे मागणे मला मुळीच अवाजवी वाटले नाही.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की, हा दाखला रद्द समजून नवा द्यावा. त्यात तिन्ही कर्जदारांची नावे, मंजूर रक्कम, कर्ज पूर्ण फिटल्याची तारीख, मिळकतीचे वर सांगितल्याप्रमाणे वर्णन, आणि या मिळकतीवर बँकेचा कोणताही हक्क वा दावा उरलेला नाही असे स्पष्ट वाक्य असावे. मी किंवा माझ्या घरातील कोणीही आपल्याकडे दुसऱ्या कोणाच्या कर्जाला जामीन नाही. तसे काही आपल्या दप्तरात दिसत असेल आणि त्यासाठी कागद रोखून ठेवले असतील, तर रिझर्व्ह बँकेच्या उचित व्यवहार संहितेनुसार तो दावा कशाचा, किती रकमेचा आणि कोणत्या दस्ताच्या आधारे, हे लेखी कळवण्याचे बंधन आपल्यावर आहे. तसे काही कळवलेले नाही, तेव्हा तसे काही नाही असेच मी धरतो.

याच्याच जोडीला आणखी एक नोंद आहे, जी सातबारावर दिसत नाही आणि म्हणून बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. तारण मिळकतीची नोंद बँका 'सेरसाई' या केंद्रीय नोंदणीकडे करतात, आणि कर्ज फिटले की ती तिथून उतरवणे हेही बँकेचेच काम असते. कर्जदाराला ते करता येत नाही. नाममात्र शुल्क भरून कोणालाही तिथे शोध घेता येतो. मी 11 ऑगस्टला घेतला, तर आमच्या घरावर आपला भार त्या दिवशीही कायम होता. उद्या आम्ही दुसऱ्या बँकेकडे गेलो, तर त्यांचा वकील सातबाराइतकाच हाही शोध घेणार. तेव्हा ही नोंद उतरवून त्याची प्रत द्यावी. बोजा कमी करण्याचा अर्ज शासनाच्या ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइन करता येतो. तो करण्यास मी तयार आहे, मला फक्त जोडण्यासाठी योग्य पत्र हवे आहे. अर्ज झाला तरी नोटिशीची मुदत आणि मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी यांत काही दिवस जाणारच, आणि म्हणून आपल्याकडचा प्रत्येक दिवस आम्हाला महाग पडतो आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो.

कर्ज घेताना आपल्या तेव्हाच्या अधिकाऱ्यांनी मूळ कागदांची यादी करून, तिच्यावर सही-शिक्का करून एक प्रत मला दिली होती. त्यात अकरा कागद आहेत. बिनशेती आदेश, मोजणीचा नकाशा, बांधकाम परवानगी, घरपत्रकाचा उतारा, वारसाच्या फेरफाराची नक्कल, कूळकायद्याच्या कलम 43 खालील परवानगीचा आदेश असे एकेक करत अकराव्या क्रमांकावर 'कलम 32म चे प्रमाणपत्र, मूळ, एक पान' अशी नोंद आहे. गेल्या 24 जुलैला कागद आले आहेत असा शाखेतून फोन आला, म्हणून मी आईला घेऊन गेलो. मुंबईहून आलेल्या तपकिरी पाकिटातून दहा कागद निघाले. अकरावा नव्हता. आणि माझ्यापुढे सहीसाठी जो छापील फॉर्म ठेवला गेला, त्यावर मात्र 'सर्व मूळ कागदपत्रे मिळाली, माझी कोणतीही तक्रार नाही' असे आधीच लिहिलेले होते. मी 'यादीतील अनुक्रमांक 1 ते 10 मिळाले, अनुक्रमांक 11 मिळाला नाही' असे हाताने लिहून सही करतो म्हणालो. तसे चालणार नाही, असे मला सांगण्यात आले, आणि दहाही कागद पुन्हा पाकिटात गेले.

मी त्या दिवशी सही केली नाही याबद्दल शाखेतल्या एका भल्या माणसाने मला समजावले की, एका कागदासाठी अडून बसू नका, सातबारा तुमच्या नावावर आहेच. तो कागद कोणता आहे हे त्यांना ठाऊक नसावे. दुसऱ्याच्या जमिनीत कूळ म्हणून राबणाऱ्या माझ्या आजोबांना 1 एप्रिल 1957 नंतर कूळकायद्याने ती जमीन विकत घेण्याचा हक्क मिळाला. कलम 32ग खाली किंमत ठरली, ती त्यांनी हप्त्यांनी भरली, आणि शेवटचा हप्ता भरल्यावर शेतजमीन न्यायाधिकरणाने त्यांना 32म चे प्रमाणपत्र दिले. हे प्रमाणपत्र म्हणजे खरेदीचा निर्णायक पुरावा, असे कायदाच म्हणतो. आमच्याकडे खरेदीखत नाही, कारण खरेदी अशी झालेलीच नाही. आमच्या मालकीचे मूळ ते एकच पान आहे. कोकणात अशी हजारो घरे आहेत, त्यामुळे हा कागद काय असतो हे इथल्या शाखेला तरी सांगावे लागू नये.

ते पान मला डोळ्यांपुढे दिसते. पिवळट, चार घड्यांचे, मधल्या घडीवर विरत आलेले, खाली गोल शिक्का आणि आजोबांच्या डाव्या अंगठ्याचा निळा ठसा. आमच्या हवेत कागदाला पावसाळ्यात बुरशी धरते आणि उन्हाळ्यात कसर लागते, म्हणून आई ते पत्र्याच्या ट्रंकेत, प्लास्टिकच्या पिशवीत, डांबराच्या गोळ्या घालून ठेवत असे आणि दर दिवाळीपूर्वी बाहेर काढून ऊन दाखवत असे. 2014 मध्ये बँकेत देताना तिने मला विचारले होते, परत देतील ना. मी बँकेच्या तिजोरीत ते आपल्या ट्रंकेपेक्षा सुरक्षित राहील असे सांगितले होते. आता मी शाखेतून घरी आलो की तिचा एकच प्रश्न असतो : "कागद इले काय रे?"

कागद गहाळ झाला असेल तर तो केवळ भावनेचा प्रश्न उरत नाही, हेही सांगितले पाहिजे. ज्या पद्धतीत कागद ठेवला की गहाण होते, त्या पद्धतीत तोच मूळ कागद दुसऱ्याच्या हाती लागणे हे जोखमीचे असते. पुढे कधीही कोणी जमीन घेणारा किंवा कर्ज देणारा विचारणार की मूळ प्रमाणपत्र कुठे आहे, आणि ते दुसरीकडे कुठे तारण नाही कशावरून. या प्रश्नाला मी उत्तर देऊ शकत नाही, कारण तो कागद शेवटचा पाहिला तो आपण. म्हणून शोध घेऊन तो सापडत नसेल, तर आपण तसे बँकेच्या पत्रावर स्पष्ट मान्य करावे : हा कागद अमुक तारखेला आमच्या ताब्यात आला, आमच्या ताब्यात असताना गहाळ झाला, आणि आमच्याकडे तो आता कोणत्याही कर्जाला तारण नाही. त्या पत्राच्या आधारे पोलीस ठाण्यात गहाळ झाल्याची नोंद करणे, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देणे आणि तहसील कार्यालयाच्या अभिलेखातून प्रमाणपत्राची प्रमाणित नक्कल मिळवणे, ही कामे करता येतील. ती मिळवण्यास मदत करणे आणि त्याचा खर्च सोसणे हे बँकेचे कर्तव्य आहे, असे रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले आहे. जुन्या अभिलेखातून नक्कल मिळेलच अशी खात्री मला देता येत नाही, त्यामुळे आधी मूळ कागदाचा शोध मनापासून घ्यावा. मुंबईच्या साठवणुकीत तो दुसऱ्या एखाद्या कर्जदाराच्या पाकिटात गेला असण्याची शक्यता मला सर्वात जास्त वाटते. 2014 नंतर आपली शाखा एकदा जागा बदलून गेली आणि सगळी पाकिटे तेव्हाच मुंबईला हलली. त्या वेळी आमच्या पाकिटात किती कागद मोजले गेले, ती नोंद कोणीतरी पाहावी.

रिझर्व्ह बँकेच्या ज्या सूचनेचा मी उल्लेख केला ती 13 सप्टेंबर 2023 ची आहे. तिच्यानुसार कर्जाची पूर्ण फेड झाल्यापासून 30 दिवसांत सर्व मूळ कागद परत करायचे आणि कोणत्याही नोंदणीत चढवलेला भार उतरवायचा. कागद कोणत्या शाखेतून घ्यायचे हे ठरवण्याचा पर्याय कर्जदाराला आहे. दिरंगाई बँकेमुळे झाली, तर दर दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यायची. मी ही सूचना शाखेत दाखवली तेव्हा मला दोन उत्तरे मिळाली. एक, ही सूचना 'पर्सनल लोन'ची आहे, तुमचे गृहकर्ज आहे. दोन, तुमचे कर्ज 2014 चे आहे.

दोन्ही उत्तरे चुकीची आहेत, आणि ती आणखी कोणाला दिली जाऊ नयेत म्हणून थोडे सविस्तर लिहितो. बाजारात आपण ज्याला पर्सनल लोन म्हणतो ते बिनतारणाचे असते. त्याला परत करायला घराचे कागद असतातच कुठे? रिझर्व्ह बँकेच्या व्याख्येत हा शब्द व्यक्तींना दिलेल्या कर्जांसाठी आहे, आणि त्यात शैक्षणिक कर्ज, उपभोगासाठीचे कर्ज यांच्याबरोबर घरासारखी स्थावर मालमत्ता उभी करण्यासाठी वा वाढवण्यासाठी घेतलेले कर्जही येते. दुसऱ्या उत्तराबाबत, कर्ज कधी घेतले याला इथे महत्त्व नाही; कागद परत करण्याची वेळ 1 डिसेंबर 2023 रोजी किंवा त्यानंतर येत असेल, तर सूचना लागू आहे. आमची वेळ 2025 मध्ये आली.

आता दिवस मोजू. 9 जूनपासून 30 दिवस 9 जुलैला संपले. कागद गहाळ झाल्यास बँकेला आणखी 30 दिवस मिळतात, हे मी नाकारत नाही, जरी गहाळ झाल्याचे आपण अजून लेखी कबूल केलेले नाही. तेही धरले तर 8 ऑगस्ट. आणि कोणी म्हणेल की ते 236 रुपये भरले त्या 17 जूनपासून मोजा, तर तो हिशेबही जास्तीत जास्त 16 ऑगस्टला संपतो. आपल्याला सर्वात सोयीची फूटपट्टी लावली तरी मुदत उलटून गेलेली आहे. पहिल्या हिशेबाने आजपर्यंत 40 दिवस होतात. त्यांची भरपाई किती होते हा गुणाकार बँकेला शिकवण्याची गरज नाही. ती रक्कम कोणत्या हिशेबाने ठरवली हे आपण लेखी कळवावे, एवढीच अपेक्षा आहे. आणि ती देऊन अकरावा कागद विसरायला सांगू नये.

घाईचे कारण सांगतो. 27 ऑगस्टला गणेश चतुर्थी आहे. मुंबईहून भाऊ येणार आहे, आणि चुलत्यांसह सगळे घर एकत्र असण्याचे तेच दिवस. घर आणि आंब्याच्या कलमांची वाटणी त्याच मुक्कामात ठरवून वाटणीपत्र दुय्यम निबंधकांकडे नोंदवायचे, असे आम्ही ठरवले आहे. वकिलांनी मूळ 32म प्रमाणपत्र आणि बोजा नसलेला सातबारा मागितला आहे. चुकलो, तर भावाची पुढची रजा थेट शिमग्याला.

म्हणून 25 ऑगस्टपर्यंत आपण एवढे करावे : योग्य मजकुराचा, सही-शिक्क्याचा दाखला द्यावा, दहा कागद यादीप्रमाणे मोजून, मिळालेल्या कागदांचीच पोच घेऊन देवगड तालुक्यातील याच शाखेतून आमच्या हवाली करावेत, आणि अकराव्याबाबत शोध चालू आहे की तो गहाळ झाला आहे, यांपैकी जे खरे असेल ते लेखी द्यावे. सेरसाईची नोंद उतरवण्याला आपल्याला एका टेबलावरचे काही मिनिटांचे काम लागते, त्यासाठी मी वेगळी मुदत सुचवत नाही.

माझा पहिला लेखी अर्ज 12 जुलैचा आहे आणि त्यालाही आता 30 दिवस उलटून गेले आहेत. त्यामुळे रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे cms.rbi.org.in वर तक्रार करण्याचा मार्ग मला मोकळा आहे. यादीची प्रत, आरटीजीएसची नोंद, 236 रुपयांची पावती, तिन्ही अर्जांच्या पोचा आणि सेरसाईचा शोध एका फाइलीत लावून ठेवले आहेत. 26 तारखेला ती फाइल पाठवावी लागली तर पाठवीन. पण आपल्या शाखेशी आमच्या घराचा संबंध वडिलांच्या बचत खात्यापासूनचा आहे, आणि आपल्याकडच्या माणसांनी मला कधी उद्धटपणे वागवलेले नाही. अडले आहे ते शाखा, कर्जाचे प्रक्रिया केंद्र आणि कागदांची साठवण या तीन जागांच्या मधल्या फटीत, हेही मला दिसते आहे. ती फट बुजवण्याचा अधिकार विभागीय व्यवस्थापकांना आहे, म्हणून हे पत्र त्यांच्याही नावे आहे.

कागद तयार झाले की फोन करावा. मी आईला घेऊन येईन. ते पान तिला स्वतःच्या हातात घ्यायचे आहे.

आपला विश्वासू,
आपल्या शाखेचा एक कर्जदार, कर्ज फेडलेला
देवगड तालुका, जि. सिंधुदुर्ग